सेमाडोहच्या नाक्यावरचा सात

कथेतला कारकून खोटा आहे, त्याच्या मोबाइलमधले सोडतीचे फोटोही खोटेच. आकडे मात्र खरे आहेत, कारण त्या कथेतला एकही आकडा मी मनाने लिहिलेला नाही. कथा वाचून लोक विचारतात ते कारकुनाबद्दल: कोण होता, सेमाडोहला कोणत्या साली होता, आता कुठे असतो. आकड्यांबद्दल कोणी विचारत नाही, आणि खरी गंमत तर तिथेच झाली होती.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेळघाटात, सिपना नदीकाठी सेमाडोह. परतवाड्याहून हरिसाल-धारणीकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. तिथल्या एका वन तपासणी नाक्यावर रात्रपाळीला एक कारकून आहे. दिवसभर कच्च्या वहीत खरडलेले गाड्यांचे नंबर रात्री पक्क्या नोंदवहीत उतरवायचे, हे त्याचं काम. ते दोन तासांत उरकतं आणि पुढे सगळी रात्र पडलेली असते. त्याला नाद आहे लॉटरीचा. परतवाड्याच्या तिकीटवाल्याकडे दर आठवड्याला निकालपत्रक लागतं. एसटीचा एक ओळखीचा कंडक्टर त्याचा फोटो काढतो आणि नेटवर्क सापडेल तेव्हा पाठवतो. कारकून पहिल्या बक्षिसाच्या नंबराचा शेवटचा अंक वहीत लिहितो आणि त्यात चाल शोधतो. एका रात्री त्याला ती सापडते.

मी त्याला सेमाडोहलाच का बसवला? अमरावतीत किंवा अकोल्यात बसवला असता तर निकाल मिनिटाभरात त्याच्या हातात आला असता आणि कथाच संपली असती. मेळघाटात अजूनही कितीतरी ठिकाणी मोबाइलला रेंज शोधावी लागते. फोटो उशिरा येतात, चार-चार एकदम येतात, एखादा येतच नाही. मला असाच फाटका-तुटका निकाल हवा होता, कारण माणूस चाल शोधतो तो भोकं पडलेल्या माहितीतच, भोकं आपल्या सोयीने बुजवत.

चाल शोधण्याची भाषा मला परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवली. त्यांचं नाव देत नाही, कारण त्यांचं आयुष्य गेलं वरलीच्या आकड्यांत, आणि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली ते दोनदा ठाण्यात जाऊन आले आहेत. वऱ्हाडातल्या कुठल्याही पेपरात आठवड्यातून एकदा तरी ‘वरली मटक्यावर धाड’ अशी चौकट असते, ती त्यांच्यासारख्यांचीच. त्यांनी मला ‘काट’ समजावून सांगितली. एकाची काट सहा, दोनाची सात, तीनाची आठ, चाराची नऊ, पाचाची शून्य. पाच मिळवायचे की झाली काट.

“तीन सांगतला अन् आठ आला त हारलो नाई समजाचं,” ते म्हणाले. “काट पास झाली मनाचं.”

“मग चार आकडे दिले आणि चारांची काट धरली तर आठ आकडे झाले की, काका. दहातले आठ!”

“म्हनून त पास होते ना बाप्पा!” आणि ते असे हसले की चहा सांडला.

सरकारी लॉटरी वेगळी आणि मटका वेगळा, एक कायद्याने चालतं आणि दुसरं कायद्याबाहेर. पण वऱ्हाडात लॉटरीच्या निकालाकडे पाहणारा डोळा मटक्याच्या चार्टवर तयार झालेला असतो, म्हणून कारकुनाच्या तोंडी ही भाषा घालावी लागली. शिवाय या खेळाचं मूळ आपल्या शेतातल्या पांढऱ्या सोन्याशी जोडलेलं आहे. मुंबईत आकड्यांचा जुगार सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर. बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव, यावरून ओपन आणि क्लोज. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत रोजचा मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. भावांच्या जागी चिठ्ठ्या आणि पत्त्यांची पानं आली, पण ओपन-क्लोज हे शब्द तसेच राहिले. अकोला-खामगावच्या कापूस बाजारात जिनिंगवाले भावाच्या पहिल्या आकड्यांकडे बघायचे, तिकडे मुंबईचे जुगारी शेवटच्या आकड्याकडे. पहिले आकडे पीक, पाऊस आणि युद्ध यांच्यावर हलतात, त्यांचा अंदाज बांधता येतो. शेवटचा आकडा कशानेही हलतो. ज्याचा अंदाज येत नाही तोच अंक त्यांनी पैजेसाठी निवडला होता, आणि नंतर त्याचाच अंदाज बांधत पिढ्या बसल्या.

आता आकड्यांचा किस्सा.

कथेत कारकुनाच्या वहीत शंभर निकाल आहेत. ते कुठून आणायचे? खरे निकाल वापरले तर वाचक ते पडताळत बसतील, आणि माझ्या कारकुनाला जे दिसायला हवं ते त्यांत असेलच असं नाही. मनाने लिहिणं सोपं होतं, पण अमरावतीला संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्या ओळखीचे आहेत, त्यांनी मला आधीच दटावलं होतं. म्हणून मी दोन याद्या केल्या. एक मनाने, जसे सुचतील तसे शंभर अंक. दुसरी पत्त्यांच्या पानांनी: एक्का ते दश्शी अशी एकाच रंगाची दहा पानं, दश्शी म्हणजे शून्य. एक पान ओढायचं, अंक लिहायचा, पान परत घालून पिसायचं. घरात रात्री पत्ते पिसत बसलेला माणूस पाहून बायकोला काय वाटलं असेल ते सोडून द्या.

दोन्ही याद्यांवर नाव न घालता मी त्या सरांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्माही नीट लावला नाही.

“ही तुमची,” पहिलीवर बोट ठेवून ते म्हणाले. “ह्यात एकापाठोपाठ तोच अंक कुठे आलाय दाखवा बघू.”

दोन-तीन ठिकाणीच आला होता. हिशोब असा: कोणताही अंक आला की पुढचा अंक तोच असण्याची शक्यता दहात एक. शंभर अंकांत शेजारच्या जोड्या नव्व्याण्णव, म्हणजे दहाच्या आसपास जोड्यांत अंक लागोपाठ यायला हवेत. पानांच्या यादीत ते होते, एका जागी तर चार-चार-चार असे ओळीने तीन. मनाने लिहिताना हात अडतो. ‘आताच चार लिहिला, परत कसा लिहू?’ असं वाटतं आणि पेन दुसरीकडे वळतं. सर म्हणाले, “माणसाला यदृच्छा म्हणजे सगळ्यांना सारखं वाटप असं वाटतं. पत्त्यांना तसं काही वाटत नाही.”

पानांनी दिलेली यादी मी जशीच्या तशी कथेत घातली. तिची मोजणी अशी निघाली: शून्य आठ वेळा, एक अकरा, दोन नऊ, तीन सात, चार बारा, पाच दहा, सहा सहा वेळा, सात सतरा वेळा, आठ अकरा, नऊ नऊ वेळा.

सात सतरा वेळा! कथेतला कारकून इथेच अडकतो, आणि खरं सांगायचं तर वाचकही. दहा वेळा यायचा तो सतरा वेळा आला, यंत्रात काहीतरी आहे. मीसुद्धा पानं पुन्हा तपासली, सत्तीचा कोपरा दुमडलेला आहे का ते पाहिलं. सरांनी कागद घेतला आणि शांतपणे मांडलं. शंभर सोडतींत एखादा अंक सरासरी दहा वेळा येतो, पण त्या दहाच्या मागेपुढे तीनेकाची हालचाल अगदी नेहमीची. सात ते तेरा यात काहीच विशेष नाही. कोणी आधीच सांगितलं असतं की ‘साताकडे बघा’ आणि मग तो सतरा किंवा अधिक वेळा आला असता, तर ती गोष्ट पन्नासात एकदा घडणारी ठरली असती. पण आधी कोणी सांगितलं नव्हतं. दहा अंकांपैकी जो सर्वांत जास्त आला त्याकडे आपण नंतर वळून पाहिलं. दहापैकी कोणता तरी एक सतराला पोचण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणजे पाच नाक्यांवर पाच कारकून शंभर-शंभर फोटो घेऊन बसले तर त्यांतल्या सरासरी एकाला असा ‘लाडका’ अंक सापडतो.

मग त्यांनी सगळ्या दहा अंकांचा एकत्र हिशोब केला. प्रत्येक अंकाचा दहापासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, दहाने भागायचं आणि सगळे मिळवायचे. शून्याचा फरक दोन, वर्ग चार. साताचा फरक सात, वर्ग एकोणपन्नास. असे सगळे मिळून शहाऐंशी, भागिले दहा म्हणजे ८.६. शुद्ध यदृच्छेतून ही बेरीज सरासरीने नऊ येते, आणि १६.९ च्या वर गेली तर शंका घ्यायची असा रिवाज आहे. आमची ८.६. म्हणजे सतरा सात असलेली ती यादी सर्वसाधारणपेक्षाही किंचित शांत होती. हा परिच्छेद कथेत नाही. संपादकांनी काढायला लावला आणि ते बरोबर होतं, पण कारकुनाचा तोल कुठे जातो ते मला त्याशिवाय कळलं नसतं.

उलट बाजूही आहे, ‘थकलेल्या’ आकड्याची. महिना झाला, अमुक अंक आलाच नाही, आता येणारच. मटक्याच्या रोजच्या निकालाचं धरा. तीस दिवसांत एखादा ठरावीक अंक अजिबात न येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या थोडी वर. पण दहातला कोणता तरी एक अंक गायब राहण्याची शक्यता सदतीस टक्के. तीन महिन्यांत एकदा तरी असा रुसलेला आकडा सापडणार, आणि त्यावर लोक पैसे वाढवत नेणार. इटलीत तर असं मोठ्या प्रमाणावर झालं. तिथल्या सरकारी लॉटरीच्या व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ पासून जवळजवळ दोन वर्षं आलाच नाही. लोकांनी घरं-दारं गहाण टाकून त्याच्यावर पैसे लावले. तो फेब्रुवारी २००५ मध्ये आला, तोवर कित्येक कुटुंबं बुडाली होती. परतवाड्याच्या काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “मशीन हाय थे. तिले का ध्यान राह्यते, कोन आला अन् कोन नाई आला?” आणि लगेच खिशातला कागद काढून कोणता आकडा थकला आहे ते पाहू लागले. कळणं आणि थांबणं यांच्यात किती अंतर असतं ते दाखवायला मला त्याहून चांगला संवाद सुचला नाही. तो तसाच कथेत आहे.

फोटोंचा भाग लिहायला सगळ्यात मजा आली. वहीत लिहिलेले आकडे आणि फोटोतले आकडे यांत फरक असतो. फोटो पुरावा वाटतो, म्हणून त्यावर शंका येत नाही. मी दुकानात लावलेल्या निकालपत्रकांचे काही फोटो काढून पाहिले. संध्याकाळचा पिवळा बल्ब, पत्रकावर पारदर्शक प्लास्टिक, वरून झोतासारखा उजेड. व्हॉट्सअॅपवर फोटो गेला की तो आणखी धूसर होतो. इंग्रजी आकड्यांतले तीन आणि आठ वेगळे ओळखता येत नाहीत. आणि काट आठवा: तीनाची काट आठ! म्हणजे कारकुनाने तीन धरला आणि फोटोत आठ आहे की तीन ते कळत नसलं, तरी काटेच्या नियमाने दोन्हीकडून तो बरोबरच. चूक वाचलेला अंकही त्याच्या बाजूने पडतो. हे मी रचलेलं नाही, काट आणि धूसर फोटो यांनी आपोआप जमवून दिलं. कथेतलं माझं आवडतं पान तेच.

दुसरं म्हणजे दुहेरी फोटो. एकच निकाल कंडक्टरने पाठवला, पुढच्या आठवड्यात तोच फोटो मेहुण्याने पाठवला, थोडा तिरका, दुसऱ्या उजेडात. गॅलरीत दोन फोटो, वहीत दोन नोंदी. ओळखायचं कसं? पत्रकावरची तारीख आणि सोडत क्रमांक पाहून, आकडा पाहून नव्हे. माझा कारकून आकडाच पाहतो, आणि तो दोनदा दिसला की चाल पक्की झाली असं समजतो. तिसरी खोच सूक्ष्म आहे. कंडक्टर प्रत्येक निकालाचा फोटो थोडाच काढतो? ‘सात आला, पाहा!’ असं वाटलं की तो हमखास काढतो. कारकुनाने त्याला साताचं वेड बोलून दाखवल्यापासून सातवाले निकाल न चुकता येऊ लागतात, बाकीचे आले तर आले. सोडत बदलली नाही, फोटो काढणारा बदलला. कथेत हे कुठेही सांगितलेलं नाही, फक्त कंडक्टरचं एक वाक्य आहे. ते फार थोड्या वाचकांच्या लक्षात आलं.

मग नियमांचा प्रश्न. कारकून कागदावर एकामागून एक नियम करून पाहतो: मागच्या निकालात तारीख मिळवा, दोन आठवड्यांमागचा अंक घ्या, पहिल्या आणि शेवटच्या अंकाची बेरीज करा. मागच्या सहा निकालांवर लावायचा आणि किती बसले ते मोजायचं. सहातले तीन बसले तर नियम खरा, असा त्याचा पण. सरांनी मला यावर एक अशी गोष्ट करून दाखवली की मी कथेचा मधला भाग पुन्हा लिहिला. काटेशिवाय, म्हणजे एका वेळी एकच अंक धरला, तर अगदी बिनबुडाचा नियमही सहात तीनदा किंवा अधिक बसण्याची शक्यता साठ-पासष्टात एक असते. काट धरली, म्हणजे एकाऐवजी दोन अंक बरोबर मानले, की तीच शक्यता दहात एक होते. दहा निरर्थक नियम लिहा, एक ‘सिद्ध’ होतो. कारकून रात्रीत तीस-चाळीस नियम तपासतो. दर रात्री त्याला तीन-चार सिद्ध नियम मिळणं भागच आहे. ज्या रात्री मिळणार नाहीत तीच रात्र आश्चर्याची.

यातून त्याला बाहेर कसं काढायचं हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. शहाणा मास्तर येऊन समजावतो, असं मला करायचं नव्हतं. एकदा सेमाडोहला मी रस्त्याकडेच्या टपरीवर बसून होतो. एमएच २७, एमएच ३०, मध्येच बऱ्हाणपूरची एमपी ६८. समोरून जाणाऱ्या गाड्यांचे शेवटचे अंक मी उगीचच वहीत लिहीत गेलो. टपरीवरच्या पोराने विचारलं, “कायचा हिशोब करून राह्यले भाऊ? आरटीओचे हाय का?” मी नाही म्हणालो, पण पुढच्या चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. वहीकडे पाहताना ध्यानात आलं की कारकुनाच्या हातात हीच गोष्ट आधीपासून आहे! नाक्याची नोंदवही. पानोपानी नंबर, त्यांचे शेवटचे अंक. सोडतीवर ‘सिद्ध’ झालेला नियम त्याने चुकून गाड्यांच्या नंबरांवर लावला तर? तिथेही तो बसेल. ट्रकवाल्यांनी तर कुठल्या सोडतीचं यंत्र पाहिलेलं नाही.

हा प्रसंग सरांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोन खिळे ठोकले. पहिला: गाडीचा नंबर पूर्णपणे यादृच्छिक नसतो. आरटीओकडे जादा पैसे भरून लोक आवडीचा नंबर घेतात, त्यात १, ९, ७८६ यांना मागणी. दुसरा: दुधाची गाडी, एसटी, भाजीचा टेम्पो रोज तेच. त्यांचे अंक रोज त्याच सुमारास येणार, म्हणजे इथे खरीच चाल आहे. मला दुसरा खिळा इतका आवडला की मी तो कथेत ठेवला. कारकून आधी नोंदवहीत एक झकास नियम शोधतो: पहाटेच्या सुमारास चार येतो. आणि तो नियम उद्याही खरा ठरतो, परवाही! मग त्याच्या लक्षात येतं की ती रोजची दुधाची गाडी आहे. रोजच्या गाड्या खोडून उरलेल्या अंकांवर तो सोडतीचे नियम लावतो, तेव्हा ते तितकेच बसतात जितके सोडतीवर बसत होते. खरी चाल कशी दिसते हे त्याला आधी दिसलं पाहिजे होतं: ती दुसऱ्या दिवशी टिकते, आणि तिच्यामागे एक गाडी असते.

संपादकांचा एक आक्षेप मात्र वाजवी होता. ‘म्हणजे सगळ्या सोडती शुद्ध असतात असं तुमचं म्हणणं आहे का?’ नाही. सोडतीत खोट असू शकते, आणि कधी ती आकड्यांतच दिसते. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली. ३६६ तारखा, निळ्या गोळ्यांत बंद, काचेच्या बरणीत. त्या सोडतीचे फोटो जगभर छापले गेले: बरणी दिसते, गोळी काढणारा हात दिसतो. ज्याची तारीख आधी निघेल तो आधी सैन्यात. निकालानंतर महिन्यांची सरासरी काढली तर जानेवारीत जन्मलेल्यांचा सरासरी क्रमांक २०१ आणि डिसेंबरवाल्यांचा १२१. सगळ्यांचा १८३ च्या आसपास यायला हवा होता. गोळ्या बरणीत ओतण्याआधी महिन्यांच्या क्रमाने एका पेटीत टाकल्या होत्या, डिसेंबरच्या शेवटी, आणि नीट ढवळल्या नव्हत्या. फोटोत हात दिसतो, ढवळणं दिसत नाही. पुढच्या वर्षी पद्धत बदलली.

पण दुसऱ्या प्रकारची खोट आकड्यांत दिसतच नाही. १९८० च्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लॉटरीत ६६६ निघाला. चार आणि सहा सोडून बाकीच्या चेंडूंत रंग भरून ते जड केले होते. आकडा विचित्र होता, पण विचित्र आकडे प्रामाणिक सोडतीतही निघतात. हे करणारे पकडले गेले ते कोणी किती तिकिटं घेतली होती यावरून. मटक्याचंही तसंच. समजा कोणी पैजांच्या चिठ्ठ्या आधी पाहून सर्वांत कमी पैसे ज्याच्यावर आहेत तो आकडा काढला, तरी चार्ट नजरेला अगदी स्वच्छ दिसू शकेल. काकांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदाच गप्प झाले. “मंग चार्ट कायले पाह्यतो आमी?” मी उत्तर दिलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. शिवाय तो खेळ अगदी सचोटीने चालला तरी एका अंकावर रुपयाला नऊ रुपये देतो, आणि अंक दहा आहेत. दहा रुपये फिरले की एक खायवालाचा.

शेवटावरून मोठं भांडण झालं. संपादकांना कारकून हरायला हवा होता, माझ्या बायकोला तो जिंकायला हवा होता. मी म्हटलं, पानं ठरवतील. कारकून आपला सर्वांत लाडका नियम, काट वगळून, पुढच्या वीस सोडतींसाठी आधीच नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, तारखेसकट, शाईने, आणि कंडक्टरला सांगतो की सगळे निकाल पाठव, एकही गाळू नकोस. मी वीस पानं ओढली. वीस सोडतींत सरासरी दोन बसायला हवेत, आणि बसले नेमके दोनच. पण कुठे? तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात, लागोपाठ! त्यानंतर सोळा आठवडे काहीच नाही.

संपादक म्हणाले, हे फारच नाटकी झालं, वाचक म्हणतील लेखकाने रचलं. दोन्ही अंक लांब-लांब टाका, म्हणजे खरं वाटेल. मी सांगितलं, तसं केलं तर ते माझ्या मनाने लिहिलेल्या पहिल्या यादीसारखं होईल. दोघंही हट्टी, पण दिवाळी अंक छापखान्यात जायचा होता म्हणून माझं चाललं. चौथ्या आठवड्यानंतर कारकून उधारी काढून तिकिटं घेतो ते पान त्या दोन पत्त्यांमुळेच कथेत आलं. मी आधी ते योजलंच नव्हतं. विसाव्या आठवड्याला तो मागचं पान उघडतो, मोजतो, आणि खाली ‘२/२०’ एवढंच लिहितो. त्याला काय वाटलं ते मी लिहिलेलं नाही.

अंक बाजारात आल्यावर दिवाळीनंतर परतवाड्याहून फोन आला. काका नव्हते, त्यांच्या बैठकीतला कोणीतरी तरुण होता.

“भाऊ, तुमच्या कथेतला आकडा लागला!”

“कोणता आकडा?”

“दुधाच्या गाडीचा. चार. ओपनले.”

“चारच का घेतलात?”

“मी चार घेतला. आमी दहा-बारा जन हावो इथं, सगळ्यायनं तुमची कथा वाचली. कोनी सात घेतला, कोनी सतराचा एक, कोनी एमएच तीसचा शून्य, कोनी काट. एकानं त पान नंबर लावला.”

“आणि त्यांचं काय झालं?”

“थे काय फोन करतीन तुमाले?” तो म्हणाला. “बरं, पुढची कथा कधी येऊन राह्यली?”